काळ्या मातीचा शेततळ्याचा बांध: गळती कुठून होते आणि ती आधीच कशी रोखायची

प्रश्न: दादा, शेताच्या खालच्या बाजूला दोन्हीकडून उतार येतो तिथं बांध घालून तळं करायचंय. लांबी 40 मीटर, मधोमध उंची 2 मीटर. वर साधारण 4 फूट चिकण काळी माती आहे, खाली मुरूम. कागद टाकायचा नाही, आपल्याच मातीत करायचंय. जेसीबीवाला म्हणतो तळ्यातलीच माती ओढून दोन दिवसात बांध उभा करून देतो. पण शेजाऱ्यानं तसाच केला आणि पहिल्याच पावसात बुडातून पाणी गेलं. माती तर त्याची पण काळीच होती. मग गळतं कशामुळं आणि मी काय वेगळं करू?

उत्तर: भाऊ, शेजाऱ्याची माती काळीच होती हे तुम्ही लिहिलंत ना, त्यातच निम्मं उत्तर आहे. चांगल्या चिकण मातीच्या आरपार पाणी फारसं जातच नाही, गेलं तरी इतकं हळू की तुम्हाला कळणारही नाही. बांध गळतो तो सांध्यातून. जुनी जमीन आणि नवीन भराव यांच्यामधला सांधा, दोन थरांमधला सांधा, सुक्या ढेकळांमधल्या फटी, पाइप आणि माती यांच्यामधली फट. आणि तुमच्यासारख्या ठिकाणी अजून एक जागा असते जी बांधात नसतेच, ती तळ्याच्या पोटात असते. तिथूनच सुरुवात करतो कारण दोन दिवसात बांध उभा करायचा म्हटलं की सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो.

तुमची 4 फूट काळी माती म्हणजे तळ्याचा तळ आहे, तोच पाणी धरणार. त्याखालचा मुरूम पाणी पितो. आता बांधासाठी माती तळ्यातूनच घ्यायची म्हटल्यावर मशीनवाला काय करतो, तर बांधाच्या अगदी जवळ, जिथून ओढायला सोपं पडतं तिथं खोल खड्डा मारतो आणि मुरूम उघडा पडतो. बरं तो खड्डा म्हणजे तळ्याचा सगळ्यात खोल भाग, पाण्याचा दाब तिथंच सगळ्यात जास्त. पाणी मुरमात उतरतं, बांधाच्या खालून जातं आणि पलीकडं बुडाशी वर येतं. बघणाऱ्याला वाटतं बांध गळतोय, आणि बिचारा बांधावर माती टाकत बसतो. शेजाऱ्याच्या तळ्यात पाणी आटल्यावर जाऊन बघा, बांधाच्या आतल्या पायथ्याजवळ पिवळा तांबूस मुरूम दिसतोय का. दिसला तर कारण बहुतेक तेच.

म्हणून पहिलं काम, मशीन यायच्या आधी चाचणी खड्डे. बांधाच्या रेषेवर तीन (दोन टोकं आणि मध्य), आणि तळ्याच्या पोटात तीन चार इकडं तिकडं. माणूस उतरून बाजू बघू शकेल एवढे मोठे करा, पण पाच फुटाच्या खाली गेलात तर कडा उतरत्या काढा, काळ्या मातीची उभी कड ढासळते. प्रत्येक खड्ड्यात काळी माती किती खोल, मुरूम कुठं लागला, मुरमाखाली काय आहे हे वहीत लिहून ठेवा. चार फूट सगळीकडं सारखी नसते, कुठं अडीच फुटावरच मुरूम लागतो आणि नेमकी तीच जागा पुढं जाऊन गळते.

खड्डे काढलेत की दोन परीक्षा घ्या. एक, माती ओली करून दोन बोटात दाबत तिची पट्टी काढा. पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांब पट्टी न तुटता आली तर चिकणमाती भरपूर आहे. काळी माती ही परीक्षा सहज पास होते. दुसरी परीक्षा लोक घेत नाहीत आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, बोरचं नको, बोरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते दोष झाकतात. त्यात हरभऱ्याएवढा मातीचा खडा अलगद सोडा आणि ग्लास अजिबात हलवू नका. खडा विरघळल्यासारखा खाली पसरला पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नाही. पण दहा मिनिटं ते तास दोन तासात खड्याभोवती दुधासारखा धूर पसरायला लागला आणि तो रात्रभर खाली बसलाच नाही, तर ती माती चोपण प्रकारची, सोडियमवाली आहे. ती हाताला कितीही चिकट लागू दे, तिच्यात केसाएवढी फट पडली तरी वाहतं पाणी फटीच्या कडा विरघळवून घेऊन जातं आणि थोड्या दिवसात आत बोगदा तयार होतो. सगळ्या खड्ड्यातली माती अशीच निघाली तर कामच थांबवा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या, जिप्सम किंवा चुना किती मिसळायचा ते तपासणीवरच ठरतं, अंदाजानं नाही. एखाद्याच खड्ड्यात निघाली तर त्या भागातली माती बांधाला वापरू नका एवढं पुरेसं आहे.

आता मातीचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे तळ्यातून किती उचलायची ते कळेल. बांधाचा माथा अडीच मीटर ठेवा, ट्रॅक्टर चालला पाहिजे म्हणून. आतला उतार 1 ला 3, म्हणजे उंची एक मीटर तर आडवं तीन मीटर, आणि बाहेरचा 1 ला 2. ओल्या काळ्या मातीला यापेक्षा उभा उतार देऊ नका, घसरते. मध्यभागी 2 मीटर उंचीला पायथ्याची रुंदी 2.5 अधिक 6 अधिक 4, म्हणजे साडेबारा मीटर होते. त्या जागी आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 15 चौरस मीटर. पण बांध टोकाकडं जाताना बुटका होत जातो. समजा टोकापासून दहा मीटर आत उंची दीड मीटर आहे, तिथं छेद साधारण साडेनऊ येतो. सगळं मिळून भराव 340 घनमीटरच्या आसपास. पायाच्या चरात भरायला अजून 60 धरा, झाले 400. दाबल्यावर माती बसते म्हणून 15 टक्के जास्त, म्हणजे 460. त्यातली 60 चर खोदतानाच निघेल. राहिली 400 घनमीटर, ही तळ्याच्या पोटातून घ्यायची.

आणि किती खोल घ्यायची? 4 फूट म्हणजे 1.2 मीटर. वरची 20 सेंटिमीटर मुळ्याकाड्यांची माती बाजूला काढायची, ती भरावात चालत नाही. तळाशी मुरमाच्या वर किमान 60 सेंटिमीटर काळी माती अबाधित ठेवायची. उरली मधली 40 सेंटिमीटर. 400 घनमीटर माती 40 सेंटिमीटर खोलीनं घ्यायची तर 1000 चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. म्हणजे माती एका खड्ड्यातून न घेता दहा गुंठ्यावरून पातळ पातळ खरवडून आणायची. मशीनवाल्याला हे पटणार नाही कारण त्याची फेरी लांबते, पण त्याच्याशी आधीच बोलून घ्या आणि खड्ड्यात मोजलेली खोली लिहून खुंट्या ठोकून द्या. चाचणी खड्डेसुद्धा चांगली माती थराथरानं दाबूनच परत बुजवा, नाहीतर तुमच्याच हातानं मुरमापर्यंत भोकं पाडून ठेवल्यासारखं होईल.

इतका मोठा तळ नसेल तर दुसरा मार्ग आहे आणि खरं सांगायचं तर काळ्या मातीसाठी मला तोच जास्त आवडतो. सगळा बांध काळ्या मातीचा करू नका. आतली बाजू आणि मधला गाभा काळ्या मातीचा, आणि बाहेरचा एक तृतीयांश भाग मुरमाचा करा. साइटवर याला हार्टिंग आणि केसिंग म्हणतात. काळी माती मग वरच्याच हिशोबानं 270 घनमीटरच्या आसपास लागते, म्हणजे सात गुंठ्यात काम भागतं. दुसरा फायदा असा की बाहेरचा उतार उन्हानं तडकत नाही आणि गाभ्यातून जे काही थेंब थेंब पाझरेल ते मुरमातून निवांत खाली उतरतं, बाहेरचा उतार चिखल होऊन घसरत नाही. फक्त मुरूम तळ्याच्या आतून खणू नका, बांधाच्या पलीकडून, पायथ्यापासून चांगला लांबून आणा.

पायाचा चर. बांधाच्या पूर्ण रुंदीवरचं गवत, मुळ्या, झाडांची खोडं आणि वरची 20 सेंटिमीटर माती काढल्यावर, बांधाच्या मधोमध टोकापासून टोकापर्यंत चर खोदायचा. तळाची रुंदी 2 मीटर, कारण आत ट्रॅक्टर उतरून दाबता आलं पाहिजे, आणि कडा उतरत्या ठेवायच्या, उभ्या कडेला भराव नीट चिकटत नाही. खोली खड्ड्यात काय दिसलं त्यावर ठरते. मुरूम थोडाच असेल आणि त्याखाली टणक खडक किंवा पिवळी चिकणमाती हाताशी असेल तर मुरूम फोडून चर तिथपर्यंत न्या आणि चिकणमातीत अजून फूट दोन फूट घुसवा. मग मुरमातली वाट कायमची बंद होते आणि बांध अगदी निर्धास्त होतो. पण मुरूम खूप खोलपर्यंत गेला असेल तर त्याला हात लावू नका, चर काळ्या मातीतच 60 सेंटिमीटर खोल करून थांबवा. लोक विचारतात, खालीही काळीच, वरही काळीच, मग चर कशाला. कारण वरच्या थरात उन्हाळ्यातल्या भेगा असतात, उंदरांची बिळं असतात, कुजलेल्या मुळांची भोकं असतात, आणि बांध नुसता जमिनीवर ठेवला तर ही सगळी भोकं त्याच्या खालून आरपार जातात. चर त्यांना मधेच कापतो. चराचा तळ आणि कडा भरायच्या आधी ओरखडून ओल्या करा, गुळगुळीत बकेटच्या खुणा तशाच ठेवून वर माती लोटली तर तिथंच सांधा राहतो.

आता ओल. यावर मी जरा जास्त बोलणार कारण चांगली माती, चांगला चर असूनही बांध इथंच फसतो. काळी माती सुकी असताना तिची ढेकळं दगडासारखी असतात, वरून कितीही रोलर फिरवा, ढेकळं एकमेकांवर टेकून राहतात आणि मधे पोकळ्या राहतात. वरून मस्त दबलेलं दिसतं, पाणी आलं की ढेकळं विरघळतात, भराव खचतो आणि पाणी त्या पोकळ्यांतून वाट काढतं. दुसऱ्या टोकाला चिखल झाला तर तो दबतच नाही, नुसता इकडून तिकडं सरकतो. आपल्याला हवी ती ओल वाफशापेक्षा किंचित जास्त. हातात घेऊन पेन्सिलपेक्षा बारीक, तीन मिलिमीटरची वळी करून बघा. वळी होते न होते तोच तुटायला लागते ती ओल बरोबर, काळ्या मातीला त्याहून थोडी जास्त चालते. तीन मिलिमीटरपर्यंत जायच्या आधीच भुगा झाला तर सुकी, आणि बोटाला चिकटत लांबच लांब होत गेली तर जास्त ओली. दुसरा सोपा मार्ग म्हणजे मुठीएवढा गोळा करून खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार सहा तुकडे झाले तर कामाला लागा, भुगा झाला तर पाणी द्या, थापी होऊन चिकटला तर वाळू द्या.

पाणी किती लागतं याचाही अंदाज घ्या. मातीत 12 टक्के ओल आहे आणि 20 हवी आहे असं धरलं तर एका घनमीटरला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. 400 घनमीटरला पन्नास हजार लिटर, म्हणजे 5000 लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात बांध बांधणारा बहुतेक जण भरावावर दोन टँकर शिंपडतो आणि पाणी मारलं म्हणतो, ते ढेकळाच्या आत पोचतच नाही. म्हणून माझा आग्रह असा की एकतर पावसाळा संपल्यावर जमिनीत ओल असतानाच काम काढा, आणि उन्हाळ्यातच करायचं असेल तर जिथून माती उचलायची ती जागा नांगरून, आळी करून आठ दिवस आधी भिजवा, पाणी मुरू द्या आणि मग उचला. ओल आतपर्यंत सारखी मिळते. भरावावर फक्त वरची पापडी सुकू नये एवढंच शिंपडायचं.

दबाई. माती वीतभर जाडीच्या थरात पसरायची, ढेकळं रोटाव्हेटरनं फोडायची, दाबून ती 15 सेंटिमीटरच्या आसपास झाली पाहिजे. काळ्या मातीला पायाचा रोलर, म्हणजे ज्याला गुठळ्यांसारखे पाय असतात तो, सगळ्यात चांगला. सपाट रोलर वरून आरसा करतो, आत पोचत नाही, तो मुरमाला ठीक. पोकलेनची चेन तर दाबायला कामाचीच नाही, चेनवाल्या मशीनचं वजन मुद्दाम पसरवलेलं असतं. रोलर नसेल तर भरलेली ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर चालतो, पण मग थर अजून पातळ घ्या आणि चाकाचा पट्टा चाकाला लागून फिरवा, ड्रायव्हर एकाच चाकोरीतून जात राहतो आणि मधले पट्टे कोरे राहतात, तिथं कुणीतरी उभं राहून बघावं लागतं. सहा ते आठ फेऱ्या. फेऱ्यांनंतर दहा बारा मिलिमीटरची लोखंडी सळई हातानं दाबून बघा, जोर लावूनही बोटभरापेक्षा जास्त जात नसेल तर थर झाला, सळई सरसर घुसली तर अजून फिरवा. चाकापुढं माती रबरासारखी फुगत असेल तर ओल जास्त झाली, तिथं कितीही फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही, दिवसभर वाळू द्या. पुढचा थर टाकायच्या आधी खालचा थर दाताळानं किंवा फणानं दोन तीन सेंटिमीटर ओरखडा आणि सुकला असेल तर ओला करा. हे न केल्यामुळं थराच्या रेषेतून आडवं पाणी निघालेलं मी कितीतरी बांधांवर पाहिलंय. या पद्धतीनं दोन दिवसात बांध होत नाही हे उघड आहे, मशीनवाल्याला तासावर न ठेवता थरावर ठेवा असं मी सांगेन.

पाइप बांधातून घालू नका. माती पाइपाला खालच्या बाजूनं कधीच नीट दबत नाही आणि पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं. पाणी मोटारीनं उचला किंवा माथ्यावरून सायफन टाका. सांडवासुद्धा भरावात नको, बांधाच्या टोकाला मूळ कडक जमिनीत काढा, आणि त्याची पातळी माथ्यापेक्षा किमान 60 सेंटिमीटर खाली. म्हणजे 2 मीटरच्या बांधात पाणी 1.4 मीटरच उभं राहील, हिशोब तसाच धरा. आणि मधल्या उंच भागात माथा दहा सेंटिमीटर जादा घ्या, भराव बसतो.

काळी माती सुकली की तडकते, तळ आणि बांध दोन्ही. बांधाच्या आतल्या उतारावर आणि माथ्यावर वीतभर मुरमाचा थर द्या, ओल टिकते आणि लाटांनी माती धुपत नाही. बाहेरच्या उतारावर बाजूला काढलेली वरची माती पसरून गवत लावा. झाडं मात्र नकोत, मूळ कुजलं की नळी तयार. तळाचं काय, तर माती उचलून झाल्यावर वरचे वीतभर नांगरून, फणून, ओलं करून परत रोलर मारा, भेगा बुजतात. ओल्या तळावर जनावरांचा कळप चार सहा दिवस फिरवला तरी तळ छान रगडला जातो. दर उन्हाळ्यात तळं पूर्ण कोरडं पडू देऊ नका, थोडं पाणी राहिलं तर तेवढ्या भागाला भेगाच पडत नाहीत. उघड्या पडलेल्या भागाला भेगा पडल्याच तर पहिल्या पाण्याला थोडं जास्त मुरेल, माती फुगली की ते आपोआप कमी होतं, घाबरू नका.

पहिल्यांदा भरताना शक्य असेल तर अर्ध्यावर काही दिवस थांबवा आणि रोज बाहेरचा पायथा चालत बघा. नुसती ओल किंवा थोडं स्वच्छ पाणी पाझरत असेल तर बादली लावून मोजून ठेवा, वाढत नसेल तर तसंच राहू द्या. बाटलीत घेऊन ठेवलेल्या पाण्यात तळाला माती बसत असेल, म्हणजे गढूळ येत असेल, तर ते आतली माती वाहून आणतंय, उद्यावर ढकलू नका. लगेच मोटार किंवा सायफन लावून तळ्याची पातळी उतरवा. आणि पाणी जिथून बाहेर येतंय तिथं माती थापून बूच मारू नका, पाणी दुसरीकडून फोडून निघेल. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा ढीग टाका, पाणी जाऊ द्यायचं पण माती अडवायची. कायमची दुरुस्ती पाणी उतरल्यावर आतल्या बाजूनंच होते.

आणि पाणी कमी होतंय पण बाहेर कुठंच दिसत नाही अशी शंका आली तर एक बादली पाण्यानं भरून, बुडाशी दगड ठेवून, तळ्याच्या कडेला पाण्यात अर्धी बुडवून उभी करा, शेजारी एक खुंटी ठोकून दोन्हीकडं पातळीची खूण करा. पाऊस नसलेले चार पाच दिवस तसंच ठेवा. बादलीतलं जितकं उतरलं ते बाष्पीभवन, तळ्यातलं त्यापेक्षा जितकं जास्त उतरलं ते मुरलं. दिवसाला चार पाच मिलिमीटर फरक असेल तर मातीच्या तळ्याला तो चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर खड्ड्यांची वही काढा आणि जिथं काळी माती सगळ्यात पातळ लिहिली होती तिथं आधी बघा.